पाठपोट लिहिलेलं जुनं पत्र: भाषांतराआधी मागची अक्षरं वेगळी कशी काढायची

विमानाच्या टपालाचा खर्च वजनावर ठरायचा, म्हणून परदेशातून घरी लिहिणारी माणसं झिरझिरीत कागद घ्यायची आणि तो पाठपोट भरून काढायची. आता अशी पत्रं पेटीतून बाहेर येतात, कुणीतरी ती घाईने स्कॅन करतं आणि नातवंडांना वाचता यावीत म्हणून इंग्रजी भाषांतरासाठी पाठवून देतं. स्क्रीनवर उघडलं की पुढच्या ओळींमधून मागच्या ओळी डोकावत असतात. नवखा भाषांतरकार मनाशी म्हणतो, संदर्भाने लावून घेऊ. धोका नेमका इथेच आहे. मागून आलेला एखादा ठिपका किंवा आकडा पुढच्या वाक्यात इतका बेमालूम बसतो की वाक्य बिनचूक वाटतं आणि अर्थ मात्र दुसराच होतो. म्हणून मी एक नियम पाळते: अक्षर खरं की मागचं, हे आधी मागचं पान दाखवून ठरवायचं, अर्थाला शेवटी विचारायचं.

उदाहरणासाठी एक पत्र धरू. १९५० च्या दशकात नैरोबीहून पुण्याला धाकट्या भावाने थोरल्याला लिहिलेलं, निळ्या शाईचं, फाउंटन पेनने, एकच पान पाठपोट. सगळ्या पायऱ्या याच पत्रावर करून पाहू.

आधी दोष कुठला ते ओळखा

मागचं दिसणं तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात शाई मागच्या बाजूलाच असते, पण कागद पातळ असल्याने उजेड आरपार जातो आणि मागच्या शाईपाशी अडतो. आपल्याला दिसते ती सावली. दुसऱ्यात शाई खरोखरच कागदात झिरपून पुढे आलेली असते. पातळ, पाणीदार शाई आणि शोषणारा कागद असला की हे होतं, विशेषतः जिथे निब थांबलं तिथे. तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ओली शाई असताना पत्राची घडी घातली, किंवा घडी वर्षानुवर्षं दमट जागी राहिली, की समोरासमोर आलेल्या भागांवर एकमेकांचा ठसा उमटतो. तोही उलटाच दिसतो, पण त्याचं मूळ मागच्या पानावर नसून त्याच पानाच्या दुसऱ्या अर्ध्यात असतं.

मूळ कागद हाताशी असेल तर परीक्षा सोपी आहे. पानाखाली पांढरा कागद ठेवून पाहा, मग काळा. काळ्यावर ठेवताच जी अक्षरं फिकी पडतात ती नुसती सावली. जी जशीच्या तशी राहतात ती झिरपलेली किंवा ठशाची. या दोघांतला फरक मागचं पान सांगतं: त्याच जागी मागे अक्षर असेल तर झिरपलेलं, नसेल तर घडीच्या पलीकडे शोधा.

बरेच जण पत्र खिडकीशी धरून वाचायचा प्रयत्न करतात. वेगळं काढायच्या कामात त्याने उलटाच परिणाम होतो, कारण मागून उजेड आला की दोन्ही बाजू सारख्याच गडद दिसतात.

स्कॅन: अर्धं काम इथेच होतं

स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते. कागदातून आरपार गेलेला उजेड तिथे आदळून परत येतो, आणि मागची शाई त्याला वाटेत अडवते, म्हणून सावली ठळक होते. झाकण आणि पत्र यांच्यामध्ये काळा, चमक नसलेला कार्डपेपर ठेवला की परत येणारा उजेडच संपतो. मग शाईमागची जागा आणि कोऱ्या कागदामागची जागा जवळजवळ सारखी काळपट दिसते आणि सावली विरते. कार्डपेपर पत्रापेक्षा चहूबाजूंनी मोठा हवा आणि पत्राला चिकटून बसायला हवा.  पान एकंदर राखाडी दिसेल, त्याची काळजी नको, ते नंतर उजळता येतं. फाटलेल्या जागा आणि भोकं मात्र काळीभोर दिसतात. ती विरामचिन्हं समजू नका.

रंगीत स्कॅन करा, ४०० डीपीआयला, आणि फाइल टिफ ठेवा. काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅनर प्रत्येक ठिपक्याला 'शाई' किंवा 'कागद' असा शिक्का मारून मोकळा होतो. फिकी सावली आणि फिकी खरी रेघ यांतला फरक तिथेच पुसला जातो आणि नंतर कुठल्याही युक्तीने परत येत नाही. याच कारणासाठी पार्श्वभूमी आपोआप साफ करणारी किंवा मजकूर ठळक करणारी सगळी बटणं बंद ठेवा. दोन्ही बाजू एकाच सेटिंगवर घ्या. कागद आपोआप ओढणाऱ्या ट्रेमध्ये असलं पत्र कधीही घालू नका, घडीवर फाटतं.

मूळ पत्र दुसऱ्याकडे असेल आणि तुम्हाला फक्त पुढच्या बाजूची फाइल आली असेल, तर काम सुरू करण्याआधी मागची बाजू मागवा, ती कोरी आहे असं सांगितलं तरी. पुढे उलटी अक्षरं दिसताहेत याचा अर्थ बहुधा मागे काहीतरी लिहिलेलं आहे. पत्ता असेल, हिशेब असेल, घरातल्या बाईने जोडलेल्या चार ओळी असतील.

मागचं पान उलटं करून जोडीला ठेवा

सावली आरशातल्यासारखी उलटी दिसते. तेव्हा मागच्या पानाचं चित्र डावं-उजवं उलटवलं की ते पुढच्या पानावरच्या सावलीशी जुळायला हवं. आज्ञा लिहून चित्रं बदलणारा इमेजमॅजिक हा प्रोग्राम वापरत असाल तर एक ओळ पुरते:

```
magick maage.tif -flop maage_ulat.tif
```

इथे `-flop` च हवं. `-flip` वर-खाली उलटवतं. पण एक अपवाद आहे. काही माणसं पान पुस्तकासारखं न पलटता वहीच्या पॅडसारखं खालून वर पलटून लिहीत. तसं असेल तर सावलीतल्या ओळी उलट्या टांगलेल्या दिसतात, शिरोरेघ अक्षरांच्या खाली येते, आणि तिथे `-flip` च लागतं. देवनागरीत हे ओळखणं फार सोपं आहे, शिरोरेघ कुठे आहे एवढंच बघायचं.

आता गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये पुढचं पान उघडा आणि `File > Open as Layers` मधून उलटवलेलं मागचं पान त्याच्यावर घ्या. वरच्या थराची `Opacity` ५० वर आणा आणि `Unified Transform` ने तो सरकवत, किंचित फिरवत, ताणत बसवा. कोपऱ्यांवर फार भरवसा ठेवू नका, झिजलेले असतात. घडीच्या रेघा, टाचणीची भोकं, आणि सावलीतलंच एखादं मोठं अक्षर ही खरी खूण. ४०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १६ पिक्सेल, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्याला दिसतो. पत्र घडीपाशी फुगलेलं असेल तर सगळं पान एकदम बसणार नाही. वरचा भाग वेगळा बसवा, खालचा वेगळा. वेळ जातो, पण हीच पायरी नीट झाली तर बाकीचं सोपं आहे.

एवढ्यावरच बरंच काम होतं. वरच्या थरासमोरचं डोळ्याचं चिन्ह दाबत थर दाखवायचा, लपवायचा. शंकेच्या जागी थर दिसताच गडद अक्षर उमटलं तर ती सावली असण्याची शक्यता मोठी. काहीच उमटलं नाही तर खूण पुढचीच आहे, किंवा घडीचा ठसा.

सावली भागाकाराने उतरवणं

सावली दाट असेल तर आणखी एक पायरी घ्या. कोऱ्या कागदाचा उजळपणा सावलीच्या जागी ठरावीक प्रमाणात कमी होतो, म्हणून तो वजा करण्यापेक्षा भागाकाराने परत मिळवणं योग्य पडतं.

दोन्ही थर करड्या रंगात आणा. पुढच्या पानावर `Color Picker` ने कोऱ्या, सावली नसलेल्या जागेचा आकडा घ्या, मग सावलीच्या अगदी मधला. आपल्या पत्रात कोरा कागद २१५ आणि सावली १८५ आली असं धरू. १८५ भागिले २१५ म्हणजे ०.८६. याला २५५ ने गुणलं की २१९. आता वरच्या थरावर `Colors > Levels` उघडा. `Input` मध्ये कागदाला पांढरं आणि शाईला काळं करून घ्या, आणि खाली `Output` च्या काळ्या टोकाला २१९ लिहा. मागचं पान आता अगदी फिकं दिसेल: कागद पांढरा, अक्षरं पुसट करडी. उजेड कागदाच्या तंतूंत विखुरतो म्हणून सावली मूळ अक्षरापेक्षा धूसर असते. तेव्हा याच थराला `Gaussian Blur` ३ ते ६ पिक्सेल द्या. मग थराचा `Mode` बदलून `Divide` करा आणि `Opacity` पुन्हा १०० वर न्या.

आकडा बरोबर पडला की नाही हे चित्रच सांगतं. सावली करडी उरली असेल तर २१९ थोडा कमी करा. सावलीच्या जागी पांढरी अक्षरं उमटली तर तो वाढवा. अक्षराची एक कड पांढरी आणि दुसरी काळी दिसली, जणू अक्षर उठावाचं आहे, तर आकड्यात दोष नाही. थर सरकलेला आहे.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. शाई झिरपली आहे तिथे प्रमाण जागोजागी बदलतं, एकच आकडा सगळीकडे चालत नाही. आणि जिथे खरी रेघ सावलीवरून जाते तिथे खरी रेघही थोडी उजळते. बारीक टिंब तर नाहीसंच होऊ शकतं. म्हणून साफ केलेलं चित्र मूळ स्कॅनच्या शेजारी ठेवून वाचा, त्याच्या जागी नव्हे. मूळ फाइलवर कधीही बदल जतन करू नका.

दोन्ही बाजूंच्या शाया वेगळ्या असतील तर याहून सोपा मार्ग आहे. समजा पुढे काळं टंकलेखन आणि मागे निळी शाई. `Colors > Components > Decompose` ने चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग करा आणि निळा भाग पाहा. निळी शाई निळा उजेड बराचसा परतवते, म्हणून त्या भागात ती फिकी पडते आणि काळी अक्षरं तशीच राहतात.

देवनागरीत सावली कशी फसवते

रोमन लिपीतलं उलटं अक्षर बहुधा लगेच खटकतं. देवनागरीत काही खुणा उलट्या झाल्या तरी तशाच दिसतात, आणि काही तर दुसरीच खरी खूण बनतात. काना आणि अनुस्वार दोन्ही बाजूंनी सारखे, त्यांचा आकार काहीच सांगत नाही. पहिली वेलांटी उलटली की दुसऱ्या वेलांटीसारखी दिसते. ३ उलटला की जवळजवळ ६ होतो, आणि ६ चा ३. तारखा आणि रकमा वाचताना ही जोडी कायम डोक्यात असू द्या. शिरोरेघेची फसवणूक वेगळीच आहे. मागच्या ओळी पुढच्या ओळींपेक्षा थोड्या वर-खाली असतात, त्यामुळे मागची शिरोरेघ पुढच्या अक्षरांच्या पोटातून जाते आणि लिहिणाऱ्याने शब्द खोडला आहे असं वाटतं.

अनुस्वाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण भाषांतरात सर्वाधिक नुकसान तोच करतो. मराठी शुद्धलेखनातले न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. त्याआधीच्या पत्रांत 'घरीं', 'केलें', 'त्यांत', 'नांव' असे ठिपके जागोजागी असतात. म्हणजे मागच्या पानावर ठिपकेच ठिपके, आणि त्यांतले कित्येक पुढे सावली म्हणून येणार. आजच्या वाचकाला वाटतं, जुनं लेखन आहे, असतील अनुस्वार. पण 'त्याचे' वर ठिपका पडला की 'त्यांचे' होतं, आणि इंग्रजीत एका माणसाची गोष्ट अनेकांची होते, किंवा बरोबरीच्या माणसाबद्दल आदरार्थी बोलल्यासारखं होतं. घरगुती पत्रात कोण कुणाला आदराने संबोधतो यावर नाती ओळखायची असतात, म्हणून हा ठिपका हलक्यात घेऊ नका.

आकार मदत करत नाही तिथे तीन गोष्टी पाहा. पहिली कड: पुढच्या शाईची कड धारदार असते, सावलीची विरलेली. ६०० टक्के मोठं करून पाहिलं की कळतं. दुसरा कल: लिहिणाऱ्याची अक्षरं उजवीकडे झुकत असतील तर सावलीतली डावीकडे झुकतात, काना एरवी सारखाच दिसला तरी कलात पकडला जातो. तिसरी जागा: माणूस अनुस्वार आपल्या सवयीच्या जागी देतो, कुणी शिरोरेघेला टेकवून, कुणी बराच वर, कुणी कान्याच्या उजवीकडे. पत्रातला सावली नसलेला भाग, बहुधा पानाचा शेवट किंवा सहीच्या आसपासचा, घेऊन ही सवय आधी टिपून ठेवा. पत्र बॉलपेनने किंवा टंकलेखनाने उमटलेलं असेल आणि मूळ कागद मिळत असेल तर टॉर्च अगदी आडवा धरून पाहा. पुढची अक्षरं खोलगट दिसतात, मागची फुगीर.

सातवी ओळ

आपल्या नैरोबीच्या पत्रात पुढच्या बाजूची सातवी ओळ पहिल्या वाचनात अशी दिसते: 'त्यांचे ६ हप्ते दिले', आणि 'दिले' वर आडवी रेघ. असं वाचलं तर इंग्रजीत येणार: त्यांचे सहा हप्ते, आणि पुढे खोडलेला शब्द, म्हणजे दिले नसावेत. वाक्य अर्थपूर्ण आहे. परदेशातला माणूस हप्त्यांबद्दल लिहिणारच. अर्थावर विसंबणारा इथे थांबणारच नाही.

कागद २० सेंटिमीटर रुंद आहे. '६' डाव्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर. म्हणजे मागच्या बाजूला तीच जागा उजव्या कडेपासून ६ आणि डावीकडून १४ सेंटिमीटरवर, वरच्या कडेपासून तितक्याच अंतरावर. तिथे मागे काय आहे? 'ता. ३ ला'. ३ उलटून ६ झाला. थर लावून पाहिला तर दोन्ही तंतोतंत बसतात आणि भागाकारानंतर '६' जातो. 'त्या' वरचा ठिपका पाहिला तर त्याच्या मागे 'कांहीं' या शब्दातला एक अनुस्वार आहे. तरी इथे घाई करता येत नाही, कारण खरा ठिपका नेमका सावलीवर पडलेलाही असू शकतो. भागाकारानंतर ठिपक्याच्या जागी कागदाइतकाच उजळपणा उरला, कड विरलेली होती, आणि हा माणूस आपले अनुस्वार कान्याच्या उजवीकडे देतो तर हा डावीकडे होता. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला आल्या, म्हणून ठिपका सावलीचा. 'दिले' वरची रेघ मागच्या पानावरच्या ओळीची शिरोरेघ आहे. ती शब्दाच्या दोन्ही बाजूंना फिकी होत पुढे जाते. खोडणारा माणूस शब्दापाशी थांबतो.

उरलं ते: 'त्याचे हप्ते दिले.' एका माणसाचे हप्ते, दिलेले. किती, ते या ओळीत नाहीच.

उतारा आधी, भाषांतर नंतर

चित्राकडे बघत थेट इंग्रजीत जाऊ नका. आधी पत्र देवनागरीत जसंच्या तसं उतरवा, ओळीला ओळ, ओळींना क्रमांक देऊन, जुने अनुस्वार कायम ठेवून. ज्या खुणा सावलीच्या ठरल्या त्या गाळा, पण शेजारी नोंद ठेवा: ओळ ७, '६', मागच्या पानावरचा ३. ज्यांचा निकाल लागला नाही त्या चौकोनी कंसात घाला, उदाहरणार्थ 'त्या[ं]चे'. मग मागची बाजू उतरवा. ती उतरवताना पुढच्या बाजूच्या दोनचार शंका आपोआप सुटतात, कारण आता मागचे शब्द तुम्हाला माहीत असतात. शंकेच्या जागा दुसऱ्या कुणाला दाखवायच्या तर तुमचं वाचन न सांगता दाखवा. सांगितलेलं वाचन मग त्यालाही दिसायला लागतं.

भाषांतरात चौकोनी कंसाची जागा आली की दोन्ही अर्थ लिहून पाहा. इंग्रजीत फरक पडत नसेल, जसा 'घरी' आणि 'घरीं' मध्ये पडत नाही, तर पुढे जा. फरक पडत असेल तर जास्त शक्य वाटणारा अर्थ मजकुरात आणि दुसरा तळटीपेत द्या, ओळीच्या क्रमांकासह. घरच्यांना भाषांतराबरोबर देवनागरी उतारा, दोन्ही बाजूंचे मूळ स्कॅन आणि सावल्यांची नोंद असं सगळं द्या. पत्रातली माणसं त्यांना माहीत असतात. हप्ते कुणाचे होते हे सांगणारं एखादं माणूस घरात अजून असतं, आणि नोंद हातात असेल तर त्याला नेमका प्रश्न विचारता येतो.